मदत हवी आहे: लिव्हर रूलचं उत्तर आणि मायक्रोस्कोपमधला फोटो जुळत नाही

नमस्कार मंडळी. शिसे-कथील फेज डायग्रामवर अडलोय. मिश्रधातूत वजनाने ४० टक्के कथील आहे. युटेक्टिक १८३ अंश सेल्सिअसला, ६१.९ टक्के कथिलावर. तिथे दोन्ही लिक्विडस रेषा खाली येऊन आडव्या रेषेला भेटतात. त्या रेषेची टोकं १८.३ (अल्फा) आणि ९७.८ (बीटा).

१८३ च्या किंचित वर टाय लाइन १८.३ ते ६१.९. अल्फासाठी समोरची भुजा घ्यायची, म्हणून (६१.९ − ४०) ÷ (६१.९ − १८.३) = ०.५०. म्हणजे निम्मा प्राथमिक अल्फा, उरलेला द्रव युटेक्टिक होणार. किंचित खाली टाय लाइन पूर्ण आडवी रेषा होते आणि एकूण अल्फा ५७.८ ÷ ७९.५ = ०.७३. यातला ०.२३ युटेक्टिकच्या पट्ट्यांमधला. इथवर पटतंय.

पण पॉलिश करून एच केलेल्या नमुन्यात प्राथमिक अल्फाची गडद बेटं जेमतेम ४५ टक्के क्षेत्रफळ व्यापतात. लिव्हर रूल वजनाचा वाटा देतो, फोटो आकारमानाचा. शिसे कथिलापेक्षा बरंच जड, म्हणून शिसेबहुल अल्फा तेवढ्याच वजनाला कमी जागा घेणार. घनता धरून माझंही उत्तर ४५ च्या आसपास येतं.

तरी शंका आहे: नमुना भरभर थंड झाला होता, आणि लिव्हर रूल समतोल गृहीत धरतो. मग हे जुळणं निव्वळ योगायोग तर नाही? ते कसं तपासायचं, कुणी सांगाल का?