पायलट चाचणीचा आकडा कशाशी ताडणार?

> «खरेदीवर पॉइंट देणारं अ‍ॅप दुकानदाराला विकायच्या ईमेलमध्ये मी लिहिलंय, ‘तीन महिने फुकट वापरा, अ‍ॅपवाले ग्राहक दुप्पट वेळा येतात हे स्वतःच बघा.’ सहा दुकानांच्या मालकाला एवढं पुरेसं नाही का?»

नाही पुरेसं. अ‍ॅप पहिल्यांदा कोण घेतं? जो आधीपासूनच वरचेवर येतो तोच. समजा अ‍ॅपवाले महिन्याला चारदा येतात आणि बाकीचे दोनदा. पण हेच लोक अ‍ॅपच्या आधीही चारदा येत असतील, तर अ‍ॅपने काहीच वाढवलं नाही. उलट जी खरेदी होणारच होती तिच्यावर पॉइंट वाटले गेले. मी असंच एक अ‍ॅप विकत होतो, तेव्हा एका मालकाने बिलांवरचे जुने मोबाइल नंबर काढून हेच माझ्यासमोर मांडलं. बोलती बंद झाली माझी.

त्यानंतर ईमेलमध्येच लिहायला लागलो: अ‍ॅप दोन दुकानांत चालवू, साधारण तेवढ्याच विक्रीची दोन दुकानं अ‍ॅपशिवाय ठेवू आणि सुरू करण्याआधीच्या तीन महिन्यांची बिलं दोन्हीकडची घेऊ. शेवटी अ‍ॅपवाल्यांची बाकीच्यांशी तुलना न करता, दुकानाच्या एकूण विक्रीतला बदल दुसऱ्या जोडीतल्या बदलाशी ताडायचा, तोही पॉइंटांचा खर्च वजा करून. सणासुदीचा महिना आला तरी तो दोन्हीकडे येतो, म्हणून फसगत कमी. दुकानं इतकी थोडी असली की लहानसहान फरक मात्र यात दिसत नाही. आणि हो, पायलट बंद पडला तर ग्राहकांचे उरलेले पॉइंट कोण फेडणार, तेही त्याच ईमेलमध्ये लिहा. काउंटरवर भांडण त्यावरूनच होतं.