शब्दचर्चा : ‘सागराचे आम्लीकरण’ म्हणजे समुद्र आम्ल होतो का?

स्नेहल, गंगापूर रोड

नमस्कार. नाशिकमधल्या शाळांत लावण्यासाठी आमचं निसर्ग मंडळ काही तक्ते तयार करतंय, त्यांचा मराठी मजकूर माझ्याकडे आहे. एका तक्त्याचा विषय ‘ओशन ॲसिडिफिकेशन’. पहिल्या कच्च्या खर्ड्यातलं वाक्य असं आहे : ‘हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे समुद्र आम्ल बनत असून त्यात ऑयस्टरची कवचे विरघळत आहेत.’ मंडळातल्या एका सदस्याचं म्हणणं, समुद्राचा सामू साधारण ८.१ आहे, म्हणजे सातच्या बराच वर. मग त्याला आम्ल कसं म्हणायचं? ‘आम्लीकरण’ ठेवू का? ‘विरघळत आहेत’ चालेल का? ऑयस्टर आणि प्टेरोपॉड नावाचा कवचवाला छोटा समुद्री जीव, यांना मराठीत काय लिहू?

प्रकाश जोशी

‘आम्लीकरण’ अगदी योग्य आहे, बदलू नका. कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळला की कार्बनिक आम्ल तयार होतं. कवच कॅल्शियम कार्बोनेटचं, आणि आम्लात कॅल्शियम कार्बोनेट विरघळतं. मुलांना वर्गात शिकवतो तेच रसायन आहे हे. सामू ८.२ वरून ८.१ वर आला, ही घट किरकोळ दिसते. पण सामूचं माप लॉगरिदमचं असल्यामुळे हायड्रोजन आयन जवळजवळ पाव पटीने वाढतात. तुमचं वाक्य आहे तसं ठेवा.

विलास, निफाड

राम राम मंडळी. विषय समुद्राचा आहे, पण सामूचं आमच्याकडे रोजचंच काम, म्हणून विचारतो. माझ्या द्राक्षबागेच्या माती अहवालात सामू ८.३ आहे आणि मुक्त चुनखडी भरपूर. विहिरीचं पाणी जड. ठिबकचे ड्रिपर चुन्याने चोक होतात, मग लॅटरलमधून ॲसिड सोडावं लागतं. पाण्याचा सामू पार खाली नेला तरच तो थर सुटतो. ८ सामूच्या पाण्यात चुना उलट बसतो, सुटत नाही. मग ८.१ च्या समुद्रात शिंपल्याचं कवच विरघळतं कसं? आणि हवेतल्या वायूने समुद्राचा सामू उतरत असेल, तर तसा उपाय माझ्या जमिनीला लागू पडेल का?

अरुंधती

मी बरीच वर्षं गोव्यात समुद्राच्या पाण्याच्या रसायनशास्त्रावर काम केलं, आता नाशिकला असते. विलासभाऊ, जमिनीचं उत्तर आधी देते. ते गणित वेगळं आहे. तुमच्या मातीतली मुक्त चुनखडी आम्ल खाऊन टाकते आणि सामू पुन्हा तिथेच येतो. त्यासाठी कृषी विज्ञान केंद्रात विचारलेलं बरं.

पण तुमचा पहिला प्रश्न अगदी मर्मावर आहे. समुद्राच्या वरच्या थरात अजून बहुतेक ठिकाणी चुना ‘बसायच्या’ बाजूलाच आहे. प्रकाशसर, म्हणूनच ‘आम्लात कवच विरघळतं’ एवढ्यावर थांबता येत नाही. कार्बन डायऑक्साइड पाण्यात गेल्यावर मुख्यतः जे होतं ते असं :

```
CO₂ + H₂O + CO₃²⁻ → 2HCO₃⁻
```

म्हणजे आलेला वायू पाण्यातला कार्बोनेट खर्चून टाकतो आणि बायकार्बोनेट वाढतो. कवचाला कॅल्शियम आणि कार्बोनेट दोन्ही लागतात. कॅल्शियम समुद्रात मुबलक आहे, तुटवडा पडतो कार्बोनेटचा. कवच बांधायचा माल महाग होतो, असं म्हणा. जिथे कवच बनतं तिथे प्राण्याला आतल्या आत सामू चढवून घ्यावा लागतो आणि त्यासाठी ऊर्जा खर्चावी लागते. हा खर्च पेलला नाही, तर तयार कवच विरघळण्याची वेळ यायच्या कितीतरी आधीच तो मरतो.

हेमा परब

मी मालवणची, लग्नानंतर इंदिरानगरला आले. स्नेहलताई, ऑयस्टरला ‘शिंपला’ लिहू नका. आमच्याकडे ऑयस्टर म्हणजे कालव. ती खडकाला घट्ट चिकटून असतात, कोयतीने फोडून काढावी लागतात. वाळूत सापडतात त्या तिसऱ्या, त्या वेगळ्या. ‘शिंपला’ म्हटलं की नाशिककरांच्या डोळ्यांसमोर कुठलंही रिकामं कवच येतं. अरुंधतीताई, एक सांगा, लहान कालव आणि मोठी कालव यांना सारखाच त्रास होतो का? खाडीत मोठी कालव तर फार चिवट असतात.

अरुंधती

नाही, सारखा होत नाही, आणि सगळी गोष्ट इथेच आहे. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात नेटार्ट्स उपसागराच्या काठी व्हिस्की क्रीक नावाचं कालवांचं बीज उत्पादन केंद्र आहे. तिथे पॅसिफिक कालवांची पिल्लं वाढवून शेती करणाऱ्यांना विकतात. २००७ आणि २००८ मध्ये तिथल्या टाक्यांतली पिल्लं मोठ्या प्रमाणात मरू लागली. पहिला संशय जिवाणूंवर गेला आणि पाणी निर्जंतुक करण्याची यंत्रणाही बसवली, पण मरतूक थांबेना. तेव्हा केंद्रातले ॲलन बार्टन आणि ओरेगॉन स्टेट युनिव्हर्सिटीचे बर्क हेल्स यांनी आत येणाऱ्या पाण्याचं रसायन सतत मोजायला सुरुवात केली.

त्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात उत्तरेकडून वारे वाहतात. वरचं पाणी किनाऱ्यापासून बाहेर ढकललं जातं आणि त्याच्या जागी खालचं थंड पाणी वर येतं. खोलवर कुजणाऱ्या सेंद्रिय पदार्थांमुळे त्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड आधीच जास्त असतो. असं पाणी टाकीत भरलेल्या दिवसांत फलित झालेल्या अंड्यांची वाढ पुढे खुंटायची. मरतूक त्याच दिवशी दिसायची नाही, नंतर दिसायची. म्हणूनच कारण सापडायला वेळ लागला.

असं का, ते पिल्लाच्या पहिल्या दोन दिवसांत कळतं. फलनानंतर साधारण दोन दिवसांत पिल्लाला पहिलं कवच तयार करावं लागतं. या काळात ते नीट खाऊ शकत नाही, सगळा खर्च अंड्यातल्या शिदोरीतून होतो. शिवाय पिल्लाचं कवच अरागोनाइटचं असतं, मोठ्या कालवाचं मुख्यतः कॅल्साइटचं. दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटचीच रूपं, पण अरागोनाइट लवकर विरघळतं. कार्बोनेट कमी असेल तर ती शिदोरी कवचातच संपते आणि वाढीला काही उरत नाही. हेमाताईंची मोठी कालव चिवट असतात कारण ती या टप्प्यातून पार पडलेली असतात.

स्नेहल

म्हणजे पिल्लं मेली तेव्हा त्या पाण्याचा सामू किती होता? सातच्या खाली गेला होता का?

अरुंधती

नाही. वाईटात वाईट वेळी ७.६ च्या आसपास. शास्त्रीय भाषेत ते पाणी तेव्हाही आम्ल नव्हतं. उपयोगी ठरला तो सामू नव्हे, अरागोनाइटची संपृक्तता, म्हणजे अरागोनाइट बांधायचा माल पाण्यात किती भरलेला आहे त्याचं माप. ती १ च्या खाली गेली की अरागोनाइट विरघळू लागतं. व्हिस्की क्रीकमध्ये मात्र ती साधारण १.५ ते १.७ च्या खाली आली तेव्हाच उत्पादन परवडेनासं झालं. विरघळण्याची रेषा अजून दूर होती, तरी पिल्लं मरत होती. म्हणून तुमच्या वाक्यातल्या ‘विरघळत आहेत’ला माझा विरोध आहे.

संदीप

मग हा दोष खालून येणाऱ्या पाण्याचा आहे, तो प्रकार पूर्वीपासूनचा. त्यात हवेतल्या कार्बन डायऑक्साइडला का ओढायचं?

अरुंधती

प्रश्न रास्त आहे. पाणी वर येण्याची क्रिया नैसर्गिकच आहे आणि त्यातला बराचसा कार्बनही नैसर्गिक. पण ते पाणी काही दशकांपूर्वी पृष्ठभागावर होतं आणि तेव्हाच्या हवेतला माणसाने सोडलेला वायू शोषून खाली गेलं होतं. ते पाणी मुळात काठावरच होतं, या भरीने ते काठापलीकडे गेलं. औद्योगिक काळाआधी हवेत कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत सुमारे २८० भाग होता, आता ४२० च्या पुढे आहे. आज खाली जाणारं पाणी जास्त भार घेऊन जातंय, ते वर यायला अजून वेळ आहे.

विलास, निफाड

त्या केंद्राने उपाय काय केला? बंद पडलं का?

अरुंधती

नाही पडलं. मोजणीतून दोन गोष्टी हाती आल्या. उपसागरातल्या पाणवनस्पती रात्री श्वसन करतात, त्यामुळे सकाळचं पाणी सर्वांत वाईट. दिवसा त्या कार्बन डायऑक्साइड वापरतात, म्हणून दुपारनंतरचं पाणी बरं. टाक्या दुपारी भरायला लागले. दुसरं म्हणजे, येणाऱ्या पाण्यात सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा, मोजून मिसळू लागले. तुम्ही ठिबकमध्ये ॲसिड सोडता त्याच्या नेमकं उलट. उत्पादन बरंचसं सावरलं. पण हे टाकीत जमतं, मोकळ्या समुद्रात नाही.

हेमा परब

आमच्या कोकणातल्या कालवांना धोका आहे का मग? माझे आई-वडील अजून तिकडेच आहेत, त्यांना काय सांगू?

अरुंधती

हेमाताई, नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरही खालचं पाणी वर येतं. पण खाडीत पावसाळ्यात गोडं पाणी इतकं शिरतं की क्षारता आणि कार्बोनेट दोन्ही एकदम घसरतात. त्या दिवसांत मेलेल्या कालवांकडे पाहून कारण सांगता येणार नाही. नुसता सामू मोजून भागत नाही, सोबत क्षारता, तापमान आणि पाण्याची अल्कता मोजावी लागते, तीही वर्षभर.

प्रकाश जोशी

‘विरघळत आहेत’बद्दलचं पटलं. पण प्टेरोपॉडच्या बाबतीत तर प्रत्यक्ष विरघळलेल्या कवचांचे फोटो आहेत. त्याचं काय?

अरुंधती

तिथे तुमचं बरोबर आहे, सर. लिमासिना हा प्टेरोपॉड म्हणजे दोन-चार मिलिमीटरचा गोगलगायीचा भाऊबंद, पायाचे दोन पंख हलवत पोहतो. त्याचं पातळ कवच अरागोनाइटचं. नीना बेडनारशेक आणि सहकाऱ्यांनी दक्षिण महासागरात २००८ मध्ये पकडलेले जिवंत प्राणी तपासले. जिथे खालचं पाणी वर आल्याने संपृक्तता १ च्या आसपास उतरली होती, तिथल्या प्राण्यांच्या कवचाचा पृष्ठभाग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली खरवडल्यासारखा दिसला. २०१२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. पुढे काही संशोधकांनी दाखवलं की कवचावरचं सेंद्रिय आवरण शाबूत असेल तर झीज होत नाही, आणि प्राणी आतून थर चढवून डागडुजीही करतो. हा वाद अजून चालू आहे. डागडुजीलाही ऊर्जा लागते, आणि ती कुठून कमी होते हा खरा प्रश्न.

स्नेहल

नवा मजकूर असा करते : ‘हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषल्याने समुद्राच्या पाण्याचा सामू उतरत आहे. त्यामुळे कवच बांधण्यास लागणारा कार्बोनेट कमी होतो आणि कालवांच्या पिल्लांना पहिले कवच तयार करणे अवघड जाते.’ शीर्षकात ‘आम्लीकरण’ ठेवते, कारण पाठ्यपुस्तकांत आणि बातम्यांत मुलांना तोच शब्द भेटणार. प्टेरोपॉडला ‘समुद्री फुलपाखरू’ लिहू का?

प्रकाश जोशी

शीर्षकाबद्दल सहमत. जाण्याची दिशा आम्लाकडे आहे, शब्द तेच सांगतो.

संदीप

मला ‘आम्लता-वाढ’ बरं वाटतं. ‘आम्लीकरण’ वाचून मुलं समुद्र आंबट झाला असंच समजणार.

हेमा परब

‘समुद्री फुलपाखरू’ वाचून मुलांना तो कीटक वाटेल. ‘पंखांची समुद्री गोगलगाय’ लिहा, कवच असतं हेही कळेल. आणि कालवाचं चित्र टाकणार असाल तर खडकाला चिकटलेलंच टाका, मी गावाहून फोटो मागवते.

विलास, निफाड

तक्ता आमच्या गावच्या शाळेलाही द्या. सामू म्हणजे काय ते इथल्या पोरांना घरीच माहीत आहे, पुढचं लवकर कळेल.