घरी वेगळा केलेला कचरा गाडीत एक होतो, दोष कोणाचा?

गावकरी: लोकं घरात ओला-सुका वेगळा करतच नाहीत आणि ठेकेदाराला शिव्या देतात. आधी घरात शिस्त आणा.

निवृत्त_निरीक्षक: हे वाचून राहवलं नाही. मी नगरपालिकेत स्वच्छता निरीक्षक होतो. आमचा ठेका टनावर होता, सगळी गोम तिथं. गावात साडेतीन हजार घरं. माणशी रोज तीनशे-साडेतीनशे ग्रॅम धरले तरी साडेपाच टनांच्या वर कचरा जायला नको. पावत्या सात टनांच्या. छोटी घंटागाडी घरच्या कचऱ्यानं काठोकाठ भरली तरी सहाशे-सातशे किलो भरते, पावतीवर अकराशे. एक दिवस काट्यावर गाडी रिकामी करायला लावली. वर केळीची सालं, खाली नालीचा गाळ आणि पाडलेल्या घराची माती. सुकं वेगळं काढून भंगारात दिलं तर काट्यावरचं वजन घटतं, ठेकेदाराचं बिल घटतं. गाडीतली मधली फळी त्यानं म्हणूनच काढली होती.

गावकरी: पावतीवर सही कोणाची? तुमच्याच लोकांची ना?

निवृत्त_निरीक्षक: आमच्या मुकादमाची. काट्यावर कोणी उभं राहत नव्हतं, महिन्याच्या पावत्या एकगठ्ठा यायच्या. ती चूक आमची. घनकचऱ्याच्या नियमांनुसारही वेगळा कचरा वेगळाच उचलून नेण्याची जबाबदारी नगरपालिकेची. गाड्या ठेकेदाराच्या असल्या म्हणून ती सुटत नाही.

कास्तकार: तुमचं टनाचं राहू द्या. डम्पिंगला लागून माझं वावर आहे. वारा सुटला की पन्न्या उडून पराटीत अडकतात. वेचणीत कापसासंगं पन्नीचा तुकडा गेला की जिनिंगवाला गाडी बाजूला लावतो अन् भाव कापतो. मागच्या साली दोन बाया फक्त पन्न्या वेचायला लावल्या, त्यांची मजुरी कोण देणार?

शिक्षिका: सोपं आहे. टनावर नको, घरटी दर द्या. प्रश्न संपला.

निवृत्त_निरीक्षक: संपत नाही, ताई. घरटी दर दिला की मागच्या गल्ल्या सुटतात, कारण गाडी न फिरवताही पैसे मिळतात. माती भरायचं कारण जातं, एवढं खरं. पण रोज घरं मोजणारा माणूस नगरपालिकेलाच ठेवावा लागतो.

शिक्षिका: माझ्या गल्लीत गाडी येतच नाही, तेव्हा बरोबर असेल तुमचं. पण मी दोन डबे ठेवते आणि गाडीवाला माझ्यासमोर दोन्ही एकात ओततो. शिस्त मला शिकवू नका.

गावकरी: गाडी येतच नाही म्हणता, मग ओततो कुठं?

शिक्षिका: चौकात नेऊन देते, दादा. रोज.

गावकरी: बरं. तुमच्यासारख्यांबद्दल मी चुकलो. बाकीच्यांबद्दल नाही.

कास्तकार: माझं कोणी ऐकूनच नाही राहिलं. डम्पिंगवर जायला पाहिजे तो फक्त उरलासुरला कचरा, मग पन्नी तिथं येतेच काहून? कुंपणाची जाळी मागितली तर ठेकेदार म्हणतो जागा नगरपालिकेची, नगरपालिका म्हणते ठेक्यात आहे.

निवृत्त_निरीक्षक: भाऊ, माहिती अधिकारात कराराची प्रत मागा. जाळी नि देखभाल कोणाच्या नावावर लिहिली आहे ते पाहा.

कास्तकार: उत्तर यायला तीस दिवस. वेचणी पंधरा दिवसांवर आली.