सोन्याच्या चार्टवर टार्गेट: एटीआर धरू की बँड? मदत हवी आहे

मंडळी, डेली चार्टवर १४ दिवसांचा एटीआर समजा ३० डॉलर आहे. मी खरेदी केली तेव्हा भाव दिवसाच्या तळापासून २४ डॉलर वर आला होता, आणि तरीही मी त्याच दिवसासाठी आणखी ४० चं टार्गेट लावलं. भाव ८-१० डॉलर चढून थांबला. चूक कळली: सरासरी दिवसाची चाल जवळजवळ संपलेलीच होती.

आता चार दिवसांचा सौदा धरायचा आहे. आधी मी सरळ ३० गुणिले ४, म्हणजे १२० धरायचो. पण रोजची चाल एकाच दिशेने थोडीच होते! म्हणून दिवसांचं वर्गमूळ घेतो: ३० गुणिले २, म्हणजे ६०. हे बरोबर आहे का?

खरी अडचण पुढे आहे. बोलिंजरचा वरचा बँड (२०, २) माझ्या खरेदीपासून ४५ वर आहे. पण भाव चढला की बँडही वर सरकतो, मग टार्गेट आजच्या बँडवर गोठवायचं की रोज बदलायचं?

शिवाय एखाद्या मोठ्या बातमीच्या दिवशी ९० डॉलरची चाल झाली, तर वाइल्डरच्या पद्धतीने एटीआर ३० वरून जेमतेम ३४ होतो, बँड मात्र एकदम फाकतात. अशा वेळी तुम्ही कशावर विसंबता? की ते दोन-तीन दिवस सौदाच टाळता?