प्रकारानुसार नको, गटानुसार लावा

«काकांनी शेतीच्या कागदांचे ९० स्कॅन पाठवलेत, सोबत एवढंच की ‘नीट लावून ठेव’. सातबारे एकीकडे, फेरफार दुसरीकडे, असं करू का?»

तसं करू नका. मी आमच्या घरच्या कागदांचं तेच केलं होतं, आणि वाटणीच्या वेळी एका जमिनीचे कागद पाच फोल्डरांतून गोळा करत बसलो. माणूस ‘सगळे फेरफार दाखव’ असं क्वचितच म्हणतो, तो विचारतो ‘विहिरीच्या वावराचं काय?’. म्हणून फोल्डर गट नंबरचा, आणि आतल्या फायलींना वर्षानं सुरू होणारं नाव, उदाहरणार्थ ‘१९७८_फेरफार_८४३’. सातबाऱ्यावर नावांजवळ फेरफार क्रमांक असतात, त्यावरून सुटे फेरफार आपापल्या जागी लागतात आणि कोणता कागद गायब आहे तेही कळतं.

फसगत होते ती जुन्या खरेदीखतांत. जमिनींच्या एकत्रीकरणात गट नंबर पडले, त्याआधीच्या कागदावर सर्व्हे नंबर असतो, त्यामुळे एकाच वावराचे दोन फोल्डर तयार होतात. आकडा सारखा दिसला म्हणून सर्व्हे १२७ आणि गट १२७ एकत्र टाकू नका, ती बहुधा वेगळी जमीन असते. जुना-नवा नंबर जोडणारा उतारा मिळेपर्यंत असे कागद ‘नंबर जुळवायचा आहे’ नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्येच राहू द्या. आठ-अ उतारा खातेदाराचा असतो, त्यात गावातले त्याचे सगळे गट येतात, तेव्हा त्याला वेगळा फोल्डर हवाच. आणि मूळ ९० फायली आहेत तशा एका बाजूला ठेवा, काका त्यांच्याच क्रमानं शोधणार!