मदत हवी आहे: अकरावीला सॉक्रेटिक सेमिनार, तयारीचे प्रश्न आणि बोलण्याची नोंद

माणदेशी_मराठी: नमस्कार. विट्याजवळ कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. अकरावीत 56 जण आहेत. एका कथेवर सॉक्रेटिक सेमिनार घ्यायचाय. मुलं गोल बसतील, कथा हातात असेल, एकमेकांशी बोलतील, मी मध्ये बोलणार नाही. दोन तासिका जोडून 80 मिनिटं मिळतात.

कथा आमच्या एका सहकाऱ्यांची, दोन पानी, अप्रकाशित. दुष्काळात बाप मुलाला घेऊन खरसुंडीच्या बाजारात बैल विकायला जातो. जास्त पैसे देणाऱ्यांना दिवसभर नाही म्हणतो आणि दिवस मावळताना कमी देणाऱ्याच्या हातात दावं देतो.

माझे प्रश्न: 1) बैल कोणत्या बाजारात विकला? 2) कमी पैसे देणाऱ्याला बैल का दिला? 3) शेतकऱ्याच्या जीवनातलं बैलाचं महत्त्व सांगा. 4) तुम्ही असता तर काय केलं असतं?

प्रश्न बरोबर आहेत का? आणि कोण किती, काय बोललं याची नोंद कशी ठेवायची? तोंडीच्या 20 गुणांसाठी ती मला हाताशी हवी आहे.

कराडचा_आवाज: छान उपक्रम! आम्ही वादविवादात अनुकूल-प्रतिकूल बाजू आधीच चिठ्ठ्या टाकून ठरवतो. परीक्षक बाहेरचे बोलवा, नाहीतर पालक तक्रार करतात.

माणदेशी_मराठी: सर, ही स्पर्धा नाही. बोलता बोलता मत बदललं तरी चालेल, उलट बदलावंच.

मिरजेची_गाडी: सोपं आहे. प्रत्येकाला तीन चिंचोके द्या. बोललं की एक मध्ये टाकायचा. शेवटी हातात उरलेले मोजा, झाली नोंद.

संगममाहुली: साताऱ्यात बारावीला हे घेते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

पहिला प्रश्न तयारीच्या कागदावरच राहू द्या, कथा वाचली की नाही ते त्यातून कळतं. तिसरा काढून टाका. कथा न उघडताही त्यावर निबंध लिहिता येतो, त्यामुळे मुलं निबंधच बोलतील. चौथा शेवटच्या पाच मिनिटांसाठी ठेवा. आधी घेतला तर जो तो आपल्या घरच्या गोष्टी सांगतो आणि कथा बाजूला पडते.

सुरुवात दुसऱ्याने करा. पण आधी स्वतः त्याची दोन वेगळी उत्तरं लिहा आणि प्रत्येकाखाली कथेतली ओळ दाखवता येते का बघा. एकाच उत्तराला ओळी सापडल्या, तर चर्चा दोन मिनिटांत संपेल.

माणदेशी_मराठी: आत्ताच करून पाहिलं. घेणारा आधी बैलाला पाणी पाजतो, मग दर बोलतो (ओळ 31). म्हणजे बापाने माणूस पारखला. पण 12व्या ओळीत घरची वैरण संपल्याचं आहे आणि 28व्या ओळीत बाजार उठतोय, म्हणजे बैल परत नेणं शक्यच नव्हतं. दोन्ही उभी राहतात!

संगममाहुली: मग प्रश्न पक्का. प्रतीवर दर पाच ओळींना आकडा छापा, मुलं पटकन बोट ठेवतात. तयारीच्या कागदावर एवढंच मागा: या प्रश्नाचं आपलं उत्तर, आधाराच्या दोन ओळी, आणि स्वतःचा एक प्रश्न. कागद नसेल त्याने त्या दिवशी बाहेरच्या गोलात बसून नोंद करायची.

एका फेरीला 14 जण आत आणि 14 बाहेर, 20 मिनिटं. मग अदलाबदल. एका दिवशी 28 होतात, उरलेले 28 पुढच्या आठवड्यात. ज्या 28 जणांची पाळी नसेल, त्यांना त्या दिवशी लेखी काम द्या, शक्यतो ग्रंथालयात. 20 मिनिटांत एकेकाच्या वाट्याला जेमतेम दीड मिनिट येतं, म्हणून याहून मोठा गोल करू नका.

नोंदीसाठी तुम्ही कागदावर गोल काढून 14 क्रमांक टाका. 5 नंतर 9 बोलला की 5 पासून 9 कडे रेघ. बाहेरचा प्रत्येक जण समोरच्या एकाच मुलावर लक्ष ठेवेल: ओळ दाखवली तर 'ओ', दुसऱ्याचं म्हणणं पुढे नेलं तर 'जो', प्रश्न विचारला तर 'प्र', आधीचंच परत सांगितलं तर नुसता टिंब. रेघा तिघांतच दाट झाल्या, तर पाच मिनिटं थांबवून बाहेरच्या जोडीदाराला आतल्याच्या कानात सांगू द्या. सगळे तुमच्याकडे बघून बोलायला लागले, तर मान खाली घालून लिहीत राहा. शांतता पसरली तरी मनात दहा अंक मोजा, आणि कुणालाही 'बरोबर' म्हणू नका. तो शब्द ऐकला की दुसऱ्या उत्तराचा शोध तिथेच थांबतो.

चिंचोक्यांनी फार बोलणाऱ्याला आळा बसतो, ते खरं. पण शेवटच्या दोन मिनिटांत गप्प मुलं तिन्ही चिंचोके एकदम टाकतात, 'मलाही तसंच वाटतं' म्हणून. मोजणी भरते आणि हाती काही लागत नाही.

मिरजेची_गाडी: हे मान्य. पण गप्प बसून कान देऊन ऐकणाऱ्याचं काय? त्याला शून्य?

संगममाहुली: मी त्याच्याकडून शेवटी चार ओळी लिहून घेते: कुणाच्या बोलण्याने तुझं मत हललं? पण तोंडीचे गुण लिहिलेल्यावर द्यावेत का, यावर आमच्या विभागात अजून एकमत नाही.

माणदेशी_मराठी: ताई, खूप आभार. 14-14 ची मांडणी नक्की करते. अजून एक: आमची मुलं माणदेशीत मोकळी बोलतात, प्रमाण भाषेत अडखळतात. बोलीत बोलू द्यावं असं मला मनापासून वाटतं, पण तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले की ती अडतील, अशी धास्ती आहे. कुणी दोन्ही सांभाळलंय का?