प्रतिसाद: अक्षरं मोजणं आणि गुणाकार

> "AI चॅटबॉट निबंध झकास लिहितो, मग strawberry मधले r मोजताना का गडबडतो?"

कारण त्याला सुटी अक्षरं दिसतच नाहीत. शब्द आत जाण्याआधी त्याचे तुकडे, म्हणजे टोकन, पडतात आणि प्रत्येक तुकड्याचा एक क्रमांक होतो. त्या क्रमांकात r किती, हे लिहिलेलं नसतं.

गुणाकारातही एकदम उत्तर देताना तो हातचा धरून पायरीपायरीने जात नाही, पुढचा आकडा अंदाजाने लिहितो. ४७३८ × ६२९१ म्हणजे २,९८,०६,७५८. अशा वेळी सुरुवातीचा २९ आणि शेवटचा ८ बहुतेकदा बरोबर येतो, घोळ मधल्या अंकांत होतो. म्हणून उत्तर वरवर पटतं.

मी त्याला सरळ सांगतो, कोड लिही आणि चालव:

```python
print(4738 * 6291)
print("महाराष्ट्र".count("र"))
print(len("महाराष्ट्र"))
```

पहिल्या दोन ओळी चोख: 29806758 आणि 2. तिसरी मात्र 10 छापते! आपण म, हा, रा, ष्ट्र अशी चार मोजतो. पायथन काना आणि हलन्तही वेगळे धरतो. म्हणजे 'अक्षर' कशाला म्हणायचं, ते आधी तुम्हीच सांगायला हवं. आणि कोड खरंच चाललं का, तेही बघा. कधी कधी नुसतं लिहून उत्तर मनानेच ठोकलेलं असतं.